सकाळी सहाला टीव्ही लागेल, पण चॅनल कोण लावणार?

टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत ऑन टायमरचं पान फार सोपं दिसतं. घड्याळ लावा, वेळ टाका, चॅनल निवडा, आवाज किती हवा ते सांगा, झालं. पण घरोघरी अनुभव वेगळा येतो. ठरल्या वेळी टीव्ही लागतो खरा, आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी पाटी फिरत राहते किंवा भलतंच चॅनल सुरू असतं. बहुतेक वेळा टीव्ही बिघडलेला नसतोच. पुस्तिका ज्याला चॅनल म्हणते ते टीव्हीच्या पोटातलं, आणि आपण रोज बघतो ते चॅनल सेट टॉप बॉक्सच्या पोटातलं.

पूर्वी केबलवाल्याची वायर थेट टीव्हीच्या मागे खोचलेली असायची. चॅनल शोधायचं काम टीव्हीच करायचा, त्यामुळे सकाळी सहाला सात नंबर लाव म्हटलं की तो लावायचा. मुंबईत २०१२च्या ऑक्टोबरअखेर केबलला बॉक्स सक्तीचा झाला, मग टप्प्याटप्प्याने बाकीच्या गावांतही. डिशवाल्यांकडे तो आधीपासून होताच. तेव्हापासून टीव्हीला चॅनल दिसतच नाहीत. त्याला दिसतो तो एचडीएमआयच्या भोकातून येणारा एक चित्रप्रवाह. त्यात बातम्या आहेत की सिनेमा, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून ऑन टायमरमध्ये आपण सोर्स निवडू शकतो, चॅनल नाही. ज्या टीव्हीतच उपग्रहाचा ट्यूनर बसवलेला आहे आणि डीडी फ्री डिशच्या छत्रीची वायर थेट त्यात येते, त्या घरी मात्र पुस्तिकेतली रीत जशीच्या तशी चालते.

आता एक साधं घर घेऊ. टीव्ही नेहमीचा, डीटीएचचा बॉक्स एचडीएमआय १ला. आजोबांना रोज सकाळी सहाला सह्याद्री वाहिनी हवी, आणि अंधारात रिमोट चाचपडायचा नाही.

सुरुवात घड्याळापासून. घड्याळ लावलेलं नसेल तर बऱ्याच टीव्हींत ऑन टायमरची ओळ फिकी दिसते, तिच्यावर जाताच येत नाही. मेन्यूत सेटिंग, मग जनरल किंवा सिस्टिम, मग टाइम असं जायचं. तिथे ऑटो आणि मॅन्युअल असे दोन पर्याय असतात. ऑटोवर ठेवलं की टीव्ही वेळ इंटरनेटवरून घेतो किंवा स्वतःच्या ट्यूनरला मिळणाऱ्या प्रक्षेपणातून. बॉक्सच्या एचडीएमआय वायरीतून वेळ येत नाही. त्यामुळे घरात वायफाय नसेल आणि सगळं बॉक्सवरच चालत असेल, तर ऑटोचा उपयोग नाही. मॅन्युअल निवडून तारीख आणि वेळ आपणच भरायची.

मग ऑन टायमर. वेळ सहा, दिवस रोज किंवा सोमवार ते शनिवार, सोर्स एचडीएमआय १, आणि आवाज. आवाजाचा आकडा जरा विचार करून टाकावा. रात्री मॅच बघताना चालणारा पस्तीस पहाटेच्या शांततेत घर हादरवतो, दहा-बारा पुरतात. काही टीव्हींत सोर्स निवडताच येत नाही, ते रात्री ज्या सोर्सवर बंद झाले त्याच सोर्सवर सकाळी उघडतात. तिथे झोपण्याआधी टीव्ही एचडीएमआय १वर आणूनच बंद करायचा.

उरला बॉक्स. रात्री बॉक्सवर सह्याद्री लावायची आणि फक्त टीव्हीच्या रिमोटने टीव्ही बंद करायचा, बॉक्स चालूच ठेवायचा. यात दोन गोष्टी आड येतात. एक म्हणजे अनेक बॉक्स काही तास रिमोट दाबला नाही तर वीज वाचवायला स्वतःहून झोपतात. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ऑटो स्टँडबाय बंद करता आलं तर करावं. दुसरी म्हणजे एचडीएमआयमधली सीईसी नावाची सोय. ती चालू असेल तर टीव्ही बंद होताना बॉक्सलाही बंद करू शकतो. सकाळी टीव्ही उठताना बॉक्सलाही उठवतो का, हे जोडीजोडीवर आहे. उठवत असेल तर उत्तमच, नाहीतर ती बंद ठेवलेली बरी. रात्रभर बॉक्स चालू ठेवण्याचा खर्च फार नाही. बॉक्स दहा वॅटचा धरला आणि रात्र आठ तासांची, तर महिन्याला अडीच युनिटच्या आतबाहेर.

रात्री वीज गेली किंवा बॉक्सने अपडेट घेऊन स्वतःला पुन्हा सुरू केलं, तर तो आपलं चॅनल विसरून कंपनीने ठरवलेल्या पहिल्या चॅनलवर जाऊ शकतो. सकाळी सह्याद्रीऐवजी जाहिरात लागलेली दिसली की रात्री बॉक्स पुन्हा सुरू झाला असं समजावं. काही बॉक्समध्ये कार्यक्रमाचा रिमाइंडर लावला की ठरल्या वेळी बॉक्स आपणहून त्या चॅनलवर जातो. बॉक्स जागा असेल तर हा उपाय जास्त पक्का.

सगळं लावल्यावर सकाळची वाट बघू नये. टायमर पाच मिनिटं पुढचा लावायचा, टीव्ही रिमोटने बंद करायचा, चहा घ्यायचा. लागला की वेळ बदलून सहा करायची.

आणि टीव्ही चुकीच्या वेळी लागला, तर ती चुकीची वेळच दुखणं सांगते. सहाऐवजी साडेअकराला लागला, तर टाइम झोन ग्रीनविचवर राहिला आहे, तो +५:३० करायचा. संध्याकाळी सहाला लागला, तर एएम-पीएमची गल्लत. चार-पाच मिनिटांचा फरक पडतोय, तर हाताने लावलेलं घड्याळ सरकलंय. आणि लागलाच नाही, तर आधी भिंतीवरचं बटण बघा. आपल्याकडे झोपताना टीव्हीचं मेन बटण बंद करायची शिस्त पक्की असते, आणि ती चांगलीच आहे. पण टायमर चालायला टीव्ही स्टँडबायवर, म्हणजे पुढचा बारीक दिवा लागलेला हवा. बऱ्याच सेटमध्ये बटण बंद केलं की मॅन्युअल घड्याळही पुसलं जातं, मग सकाळी बटण लावूनही टायमर गप्पच राहतो. ज्या गावात रात्री वीज जाते तिथे इंटरनेटवरून घेतलेली वेळच टिकते, कारण वीज आली की टीव्ही ती पुन्हा आणतो.

अलीकडच्या स्वस्त स्मार्ट टीव्हींत ऑन टायमर शोधून सापडत नाही. त्यांत टीव्ही बंद करायचे टायमर असतात, सुरू करायचे नसतात. गूगल टीव्हीच्या सेटिंगमध्ये पॉवर अँड एनर्जीत सुरू होताना होम स्क्रीन दाखवायचा की शेवटचा इनपुट, एवढं निवडता येतं. तिथे शेवटचा इनपुट ठेवला तर आजोबांना निदान एकच बटण दाबावं लागतं. टीव्हीला स्मार्ट प्लग लावून वेळ साधायचा बेत बहुधा फसतो. प्लगने वीज दिली की बरेच टीव्ही स्टँडबायवरच थांबतात. विकत घ्यायच्या आधी एकदा बटण बंद-चालू करून बघावं, टीव्ही आपसूक लागला तरच प्लगचा उपयोग.

एक राहिलं. काही टीव्ही ऑन टायमरने लागले आणि दोन तासांत कोणी रिमोटला हात लावला नाही, तर पुन्हा बंद होतात. घरात कोणी नसताना दिवसभर टीव्ही चालू राहू नये म्हणून ही सोय आहे. आठ वाजता टीव्ही अचानक बंद झाला तर मेकॅनिकला फोन करू नका, दोन तासांत एकदा आवाजाचं बटण दाबलं तरी पुरतं.