शंभर पाने आणि मावळतीची वेळ

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष महिन्यात एखाद्या जैन घरी गृहप्रवेश ठरला, संध्याकाळी शंभर पाहुण्यांना भोजन द्यायचे ठरले, की पहिला प्रश्न निघतो तो कॅटररचा. आत्या, काकू, मामी हाताशी असताना बाहेरचा माणूस कशाला, असे वडीलधारी मंडळी विचारतात. यात मायेइतकाच घड्याळाचाही विचार करावा लागतो.

पौषात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि चौविहार पाळणाऱ्यांचे भोजन त्याआधी आटोपायला हवे. पंचवीस पानांच्या चार पंगती धरल्या, तर वाढणे, जेवणे आणि जागा झाडून घेणे मिळून प्रत्येकीला अर्धा तास, म्हणजे एकूण दोन तास लागतात. पाचवी पंगत हिशेबात बहुधा कोणी धरत नाही. ती घरच्या राबणाऱ्यांची. त्याही चौविहारवाल्याच असतात आणि शेवटी उपाशी राहतात त्या त्याच. म्हणून पहिले पान साडेतीनलाच मांडावे.

आता पुऱ्यांचे पाहू. माणशी सहा धरल्या तर सहाशे पुऱ्या, म्हणजे साधारण चौदा किलो कणीक. चौघीजणी मिनिटाला दोन-दोन लाटतील, तर सव्वा तासात लाटणे उरकते. अडते ते तळण्यात. घरच्या कढईत एका वेळी दोन-तीनच मावतात, म्हणून तीन तास सहज जातात आणि पहिल्या पुऱ्या तोवर चिवट होतात. मोठ्या भट्टीवर तेच काम सव्वा तासाचे. तेव्हा पुऱ्या, भात आणि वरण यांपुरता एक आचारी भट्टीसह बोलवावा. भाजी निवडणे, चिरणे, गोड करणे आणि वाढणे घरच्यांनी करावे. सगळेच अंगावर घेण्याचा हट्ट ज्या घरी होतो, तिथे यजमानीण पाहुण्यांशी दोन शब्दही बोलू शकत नाही.

आचाऱ्याला सामान मात्र आपणच द्यावे. तयार मसाल्याच्या पाकिटात कांदा-लसणाची पूड असू शकते. घटकांची यादी वाचूनच ते हाती द्यावे. कढई आणि झारे आपले असावेत, तेल नवे असावे. पाणी जाड कापडातून आधी गाळून ठेवावे आणि जिवाणी मूळ पाण्यात परत सोडण्याचे काम घरातल्याच एकाकडे सोपवावे. आचारी ते कधीच लक्षात ठेवणार नाही.

मेनू ठरवताना द्विदलाचा दोष बाहेरच्या माणसाच्या ध्यानी येत नाही. श्रीखंड सोपे म्हणून तो सुचवतो, पण ताटात तुरीचे वरण असेल तर कच्च्या दह्याचे श्रीखंड चालत नाही. तेव्हा गव्हाची लापशी करावी, नाहीतर वरण तरी वगळावे.

म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला सुरू होते. त्या दिवसांत गुरांच्या बाजारामुळे रस्ते भरून जातात. बाहेरगावचा आचारी आणि त्याची भट्टी आदल्या रात्रीच घरी पोहोचलेली बरी.