व्हिडिओला उंची नको, प्रमाण द्या

शाळेच्या संकेतस्थळावर स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ लावलेला असतो. संगणकावर तो छान दिसतो. पालक तेच पान फोनवर उघडतात, तेव्हा मात्र चित्राच्या वर-खाली जाड काळे पट्टे दिसतात, नाहीतर चौकट पडद्याबाहेर जाते आणि पान आडवं सरकवत बसावं लागतं. दोष व्हिडिओत नसतो, फोनमध्येही नसतो. तो असतो चौकटीला दिलेल्या ठरावीक उंचीत.

यूट्यूबवरून व्हिडिओ आपल्या पानावर लावायचा, तर तिथून `iframe` नावाचा तयार कोड घ्यावा लागतो. त्यात साधारणपणे रुंदी ५६० आणि उंची ३१५ पिक्सेल लिहिलेली असते. हे १६:९ चं प्रमाण झालं, म्हणजे रुंदी सोळा भाग आणि उंची नऊ भाग. आजचे बहुतेक आडवे व्हिडिओ याच प्रमाणात असतात.

आता फोनचा हिशेब पाहू. समजा, ब्राउझरच्या लेखी फोनचा पडदा ३६० पिक्सेल रुंद आहे आणि दोन्ही बाजूंना १६-१६ पिक्सेलचा समास सोडलेला आहे. व्हिडिओसाठी उरले ३२८. चौकट बाहेर जाऊ नये म्हणून कुणी रुंदी `100%` करतो. रुंदी ३२८ वर येते, पण उंची ३१५ ची ३१५ च राहते. चौकट जवळजवळ चौरस होते. व्हिडिओ दाखवणारा प्लेअर चित्र ताणत नाही, ते योग्य प्रमाणात म्हणजे ३२८ बाय १८४.५ एवढंच दाखवतो. उरलेली सुमारे १३० पिक्सेल जागा वर आणि खाली निम्मी-निम्मी काळी राहते.

मग उंची `auto` केली तर? फोटोच्या बाबतीत तेवढं पुरतं, कारण फोटोचं प्रमाण ब्राउझरला त्याच्या फाइलमधूनच कळतं. `iframe` मध्ये मात्र दुसरं अख्खं पान उघडलेलं असतं. त्यातल्या व्हिडिओचं प्रमाण बाहेरच्या पानाला ठाऊक नसतं. त्यामुळे ब्राउझर १५० पिक्सेल ही ठरलेली उंची देतो. चौकट बुटकी होते आणि पट्टे वर-खाली न येता डाव्या-उजव्या बाजूंना येतात.

म्हणून ब्राउझरला प्रमाण आपणच सांगायचं:

```css
.video iframe {
  display: block;
  width: 100%;
  height: auto;
  aspect-ratio: 16 / 9;
  border: 0;
}
```

रुंदी जेवढी मिळेल तेवढी घ्या आणि उंची तिच्यावरून काढा, असा याचा अर्थ. फोनवर उंची १८४.५ येते, मोठ्या पडद्यावर ७२० पिक्सेल रुंदी मिळाली तर ४०५. पट्टे कुठेच नाहीत. `border: 0` यासाठी, की ब्राउझर `iframe` भोवती एरवी स्वतःची कड काढतो आणि तेवढी चौकट रुंदीबाहेर जाते.

सगळ्यात जास्त चूक होते ती `height: auto` विसरण्यात. मूळ कोडमधली ३१५ ही उंची तेव्हा लागूच राहते. रुंदी आणि उंची दोन्ही ठरलेल्या असल्या, की ब्राउझर `aspect-ratio` कडे पाहत नाही. ओळ लिहूनही पट्टे जात नसतील, तर आधी हेच तपासा.

ही सोय प्रमुख ब्राउझरांमध्ये २०२१ साली आली. त्याआधी व्हिडिओभोवतीच्या डब्याला खालून ५६.२५ टक्के पॅडिंग देत. पॅडिंगची टक्केवारी रुंदीवरून मोजली जाते आणि नऊ भागिले सोळा म्हणजे ५६.२५ टक्के, या हिशेबावर ती युक्ती चाले. जुन्या संकेतस्थळांत हा आकडा दिसला, तर तो चुकीचा समजून काढून टाकू नका. पण दोन्ही उपाय एकाच व्हिडिओवर लावू नका.

प्रमाण व्हिडिओ पाहून ठरवावं लागतं. दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांचं मुद्रण बहुधा ४:३ असतं, तिथे `4 / 3` लिहा. फोन उभा धरून काढलेल्या व्हिडिओला `9 / 16` लागेल, पण ३२८ च्या रुंदीला त्याची उंची ५८३ पर्यंत जाते. अशा चौकटीला `max-width` देऊन ती अरुंद ठेवणं बरं. आणि संकलन करतानाच पट्टे चित्रात उमटले असतील, तर या कोडने ते जाणार नाहीत, व्हिडिओच कापून घ्यावा लागेल.

आपल्या संस्थेचं पान आज फोनवर उघडून पाहा. पट्टे वर-खाली असतील तर चौकट गरजेपेक्षा उंच आहे, बाजूंना असतील तर बुटकी आहे. मग फोन आडवा करून पुन्हा पाहा. दोन्ही वेळा चित्र चौकटभर दिसलं, तर काम नीट झालं.