आजी, तुझा टॅक्स शून्य आहे!

आपल्यापैकी बहुतेकांना स्वतःची सॅलरी स्लिप तोंडपाठ असते. बेसिक किती, पीएफ किती कापला, टीडीएस किती गेला, सगळं. पण घरात पेन्शन घेणारी आजी असेल तर तिच्या टॅक्सचं काय चाललंय, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. 'तिचं काय, ते काका बघतात ना!' हे उत्तर ठरलेलं. हे 'काका' म्हणजे पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या तळमजल्यावर बसून वर्षानुवर्षं अख्ख्या आळीची रिटर्न्स भरणारे गृहस्थ. कागद त्यांच्याकडे जातात, सहीसाठी परत येतात आणि आजी सही करते. विषय संपला!

माझ्या एका मित्राच्या घरी २०२५च्या ऑगस्टमध्ये हा विषय संपला नाही, उलट सुरू झाला. मित्र हिंजवडीत आयटीत, वय सव्वीस. आजी बहात्तर वर्षांची, पुण्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेली गणिताची शिक्षिका. हे गणित नंतर दोघांनी मला कागद समोर ठेवून समजावलं. म्हणजे समजावलं आजींनीच, नातू फक्त मधेमधे बोलत होता.

कागदावरचे १३,२८० रुपये

काकांकडून आलेल्या कागदाच्या तळाशी एक आकडा होता : 'भरणे बाकी १३,२८० रुपये'. आजींनी नातवाला हाक मारली ती एवढ्याचसाठी. चलन आता ऑनलाइन भरावं लागतं, ते तुझ्या मोबाइलवरून भर, म्हणाल्या.

नातवाने भरायच्या आधी कागद वाचला. २०२४-२५ या आर्थिक वर्षात आजींची पेन्शन महिना ४५ हजार, म्हणजे वर्षाची ५ लाख ४० हजार. ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत ठेवलेत, त्या ठेवींचं व्याज २ लाख. एकूण ७ लाख ४० हजार. त्यातून पेन्शनवरचं स्टँडर्ड डिडक्शन ५० हजार, ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी ५० हजारांची वजावट आणि मेडिक्लेमचा ३० हजारांचा हप्ता वजा. उरलं करपात्र उत्पन्न ६ लाख १० हजार.

ज्येष्ठ नागरिक म्हणून पहिल्या ३ लाखांवर टॅक्स नाही. पुढच्या २ लाखांवर ५ टक्के, म्हणजे १० हजार. वरच्या १ लाख १० हजारांवर २० टक्के, म्हणजे २२ हजार. झाले ३२ हजार, त्यावर ४ टक्के सेस १,२८०. एकूण ३३,२८० रुपये. बँकेने व्याजावर १० टक्क्यांनी २० हजारांचा टीडीएस आधीच कापलेला. बाकी राहिले १३,२८०.

बेरीज-वजाबाकी एकदम करेक्ट. आजींनी पेन्सिलीने प्रत्येक ओळीसमोर बरोबरची खूण केली होती. चूक आकड्यांत नव्हतीच. कागदावर एकच कॉलम होता, ही चूक होती.

दुसरा कॉलम

टॅक्स दोन पद्धतींनी मोजता येतो, हे आपल्याला ऑफिसात दर एप्रिलमध्ये एचआरचा मेल आला की कळतं. जुनी पद्धत आणि नवी पद्धत. आजींना मेल कोण करणार? काका पूर्वीपासून जुन्या पद्धतीने रिटर्न भरत होते, तसंच याही वर्षी मोजलं.

नातवाने भिंतीवरच्या कॅलेंडरचं उलटलेलं पान काढलं आणि मागे दुसरा कॉलम मांडला. नव्या पद्धतीत व्याजाची वजावट नाही, मेडिक्लेमची नाही. फक्त स्टँडर्ड डिडक्शन, पण ते ७५ हजार. ७ लाख ४० हजारांतून ७५ हजार गेले, उरले ६ लाख ६५ हजार.

इथे आजींनी त्याला थांबवलं. "अरे, वजावटी सोडल्यास तर उत्पन्न वाढलंच ना? सहा दहाचं सहा पासष्ट झालं. मग टॅक्स कमी कसा होईल?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. वजावट आणि रिबेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वजावट उत्पन्नातून वजा होते, रिबेट थेट टॅक्समधून. कलम ८७ए खालचा रिबेट म्हणजे सरळ असं : करपात्र उत्पन्न एका रेषेच्या आत असेल, तर निघालेला टॅक्स ठरावीक रकमेपर्यंत माफ. रेषा ओलांडली की माफी गेली. २०२४-२५ साठी जुन्या पद्धतीत ही रेषा होती ५ लाखांवर आणि माफी जास्तीत जास्त १२,५०० रुपये. नव्या पद्धतीत रेषा होती ७ लाखांवर आणि माफी २५ हजारांपर्यंत.

आजींचे ६ लाख १० हजार जुन्या रेषेच्या बाहेर पडतात, म्हणून माफी शून्य. त्यांचेच ६ लाख ६५ हजार नव्या रेषेच्या आत बसतात. नव्या पद्धतीत ३ लाखांच्या वरच्या ३ लाख ६५ हजारांवर ५ टक्के, टॅक्स निघाला १८,२५०. तो २५ हजारांच्या आत आहे, म्हणून सगळाच्या सगळा माफ. सेससुद्धा नाही, कारण सेस टॅक्सवर लागतो आणि टॅक्सच उरला नाही.

"म्हणजे भरायचे काही नाहीत?" आजींनी विचारलं.

"भरायचे नाहीतच आजी, बँकेने कापलेले २० हजार परत मिळणार. तुझा टॅक्स शून्य आहे!"

आजींनी कॅलेंडर स्वतःकडे ओढलं, चष्मा पुसला आणि सगळं गणित पहिल्यापासून पुन्हा केलं. नातवाच्या शब्दावर सही करतील त्या आजी कसल्या!

काका चुकले कुठे?

नातवाने दुसऱ्या दिवशी काकांना फोन लावला. भांडायला नाही, नुसतं विचारायला. त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये पद्धत बदलून पाहिली आणि पाच मिनिटांत तोच आकडा आला : शून्य.

काकांची सवय मुळात चुकीची नव्हती. २०२२-२३ पर्यंत दोन्ही पद्धतींत रिबेटची रेषा ५ लाखांवरच होती, आणि नव्या पद्धतीत पेन्शनवर स्टँडर्ड डिडक्शनही मिळत नव्हतं. तेव्हा ठेवींचं व्याज आणि मेडिक्लेम असलेल्या आजींसाठी जुनीच पद्धत फायद्याची होती. चित्र बदललं फेब्रुवारी २०२३च्या बजेटमध्ये. २०२३-२४ पासून नव्या पद्धतीतली रेषा ७ लाखांवर गेली, स्टँडर्ड डिडक्शन आलं आणि तीच पद्धत डिफॉल्ट झाली. म्हणजे जुनी हवी असेल तर तसं मुद्दाम सांगावं लागतं. काका दरवर्षी ते मुद्दाम सांगत होते!

आता खरा चटका लावणारा भाग. नातवाने आदल्या वर्षीचा कागद काढला. २०२३-२४ मध्ये पेन्शन आणि व्याज मिळून ७ लाख १७ हजार. नव्या पद्धतीने ५० हजार वजा केले की ६ लाख ६७ हजार, म्हणजे तेव्हाही टॅक्स शून्यच. आजींनी जुन्या पद्धतीने भरले होते २८,४९६ रुपये.

ते परत मिळाले नाहीत. त्या वर्षाचं रिटर्न सुधारायची मुदत १५ जानेवारी २०२५ ला संपली होती. त्यानंतर 'अपडेटेड रिटर्न' भरता येतं, पण ते जादा टॅक्स भरण्यासाठी असतं. रिफंड मागायला किंवा वाढवायला ते चालत नाही. आजींनी श्रवणयंत्र बदलायचं दोन वर्षं पुढे ढकललं होतं, हे घरातल्यांना त्या दिवशी कळलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पेपर देण्याआधी तपासा, असं मुलांना बत्तीस वर्षं सांगितलं. माझा पेपर मी फक्त बेरजेपुरता तपासला."

मग केलं काय?

रिटर्न अजून भरलेलं नव्हतं आणि मुदत शिल्लक होती, हे नशीब. पेन्शन आणि व्याज एवढंच उत्पन्न असल्याने आजींना आयटीआर-१, म्हणजे 'सहज' हा फॉर्म पुरतो. नातवाने incometax.gov.in वर आजींच्या नावाने लॉगिन करून आधी एआयएस हे विवरणपत्र पाहिलं. कुठल्या बँकेने किती व्याज दिलं आणि किती टीडीएस कापला, हे त्यात असतं. आपल्या कागदातलं व्याज आणि तिथलं व्याज जुळायला हवं, नाहीतर रिफंड अडकू शकतो.

मग फॉर्ममधला कळीचा प्रश्न. तो विचारतो, तुम्हाला नव्या पद्धतीतून बाहेर पडायचंय का? इथे भलेभले गोंधळतात. नवी हवी असेल तर उत्तर No. शेवटी आधारच्या ओटीपीने व्हेरिफिकेशन. हे ३० दिवसांत केलं नाही तर रिटर्न वेळेत भरल्याचं धरलं जात नाही.

सप्टेंबरमध्ये आजींच्या खात्यात २०,६०० रुपये आले. वरचे ६०० म्हणजे एप्रिलपासून महिना अर्धा टक्का दराने खात्याने दिलेलं व्याज. "हे पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात धरायचं हं," आजींनी लगेच बजावलं. बरोबरच होतं ते.

शिवाय बँकेत फॉर्म १५एच दिला. रिबेटनंतर टॅक्स शून्य होत असेल तरी ज्येष्ठांना हा फॉर्म देता येईल, अशी दुरुस्ती २०१९ मध्ये झाली होती. त्यामुळे वर्षाच्या उरलेल्या व्याजावर टीडीएस कापला गेला नाही. आधी पैसे जाऊ द्यायचे आणि मग परत मागायचे, हा उद्योग वाचला.

तुमच्या घरी बघताना

२०२५-२६ पासून नव्या पद्धतीतली रेषा १२ लाखांवर गेली आणि माफी ६० हजारांपर्यंत झाली. म्हणजे पेन्शन आणि व्याज मिळून पावणेतेरा लाखांपर्यंत असणाऱ्या आजीचाही टॅक्स शून्य होतो. जुन्या पद्धतीतली रेषा मात्र ५ लाखांवरच राहिली. एकाच कॉलमचा कागद आता आणखी महाग पडतो.

दोन ठिकाणी मात्र जपून. आजीला स्वतःची नाही, तर आजोबांच्या मागे फॅमिली पेन्शन मिळत असेल, तर ७५ हजारांचं डिडक्शन लागू नाही. नव्या पद्धतीत तिथे पेन्शनचा एक तृतीयांश किंवा २५ हजार, यातलं जे कमी ते वजा होतं. आणि तिच्या नावावरचे शेअर्स किंवा इक्विटी म्युच्युअल फंड त्या वर्षी विकले असतील, तर तो नफा रेषा मोजताना धरला जातो, पण २०२५-२६ पासून त्या नफ्यावरच्या खास दराच्या टॅक्सला हा रिबेट मिळत नाही. उत्पन्न रेषेच्या थोडंसंच वर गेलं, तर घाबरू नका. नव्या पद्धतीत रेषेवर जेवढे रुपये गेले, त्याहून जास्त टॅक्स (सेस सोडून) लागत नाही. मात्र त्या हिशेबातही असा खास दराचा नफा धरू नका.

तेव्हा या वीकेंडला आजीकडे जाल तेव्हा तो काकांचा कागद मागून घ्या. त्यावर दोन कॉलम आहेत का, बघा. एकच असेल तर कॅलेंडरचं मागचं पान आहेच!