जून-जुलैचा पाऊस म्हणजे मान्सूनच का?

भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत एक आलेख येतो. त्यावर ठिकाणाचं नाव नसतं. लाल रेषा दर महिन्याचं सरासरी तापमान सांगते, निळे स्तंभ पाऊस सांगतात. सर्वांत उंच स्तंभ जून, जुलै आणि ऑगस्टवर दिसले की आपल्याकडची मुलं डोळे झाकून ‘मोसमी हवामान’ लिहून मोकळी होतात आणि गुण घालवून बसतात.

स्तंभांकडे वळण्याआधी रेषा पाहावी. समजा, जानेवारीत तापमान सुमारे 21 अंश आहे, जुलैत ते 12 अंशांवर उतरतं आणि डिसेंबरपर्यंत पुन्हा चढतं. मधोमध खोलगट असलेली ही रेषा दक्षिण गोलार्धाची, कारण तिथे जुलै हा हिवाळा. थंड आणि उष्ण महिन्यांत फरक फक्त नऊ अंशांचा आहे. मध्य अक्षवृत्तांत इतकी कमी तापमान कक्षा समुद्राच्या सान्निध्याशिवाय सहसा मिळत नाही.

आता स्तंभ पाहू. इथे अक्षावरचे आकडे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. तापमान बहुधा डावीकडे आणि पाऊस उजवीकडे मोजलेला असतो. याच आलेखात जूनचा उंच स्तंभ जेमतेम 90 मिलिमीटरचा आहे. मुंबईच्या आलेखात तेवढ्याच उंचीचा जुलैचा स्तंभ 800 मिलिमीटरच्याही वर असू शकतो, कारण दोन्हीकडचं प्रमाण वेगळं. उंची फसवते, आकडा फसवत नाही.

मग रेषा आणि स्तंभ एकत्र वाचायचे. इथे पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. हे झालं भूमध्य सागरी हवामान, आणि ठिकाण आहे दक्षिण आफ्रिकेतलं केपटाऊन. उन्हाळ्यात तिथे उपोष्ण जास्त दाबाचा पट्टा बसतो आणि ढग जमत नाहीत. हिवाळ्यात वाऱ्यांचे पट्टे उत्तरेकडे सरकतात, तेव्हा पश्चिमी वारे आवर्तांसह पाऊस आणतात.

मुंबईची रेषा मात्र वेगळीच बोलते. मे महिन्यात ती तिशीच्या आसपास टेकते. जूनमध्ये स्तंभ उभे राहताच ढगांमुळे ती खाली येते, ऑक्टोबरात पुन्हा किंचित वर जाते आणि जानेवारीतही 24 अंशांच्या आसपास राहते. पाऊस सुरू होताच तापमान उतरणं ही मोसमी हवामानाची ठळक खूण.

आलेखावरून हवामानाचा प्रकार ठरतो, शहर नेहमीच ठरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचीही रेषा अशीच खोलगट आणि पाऊस हिवाळीच, फक्त स्तंभ केपटाऊनपेक्षा उंच. म्हणून उत्तरात आधी गोलार्ध, मग तापमान कक्षा, मग पावसाचा ऋतू आकड्यांसह लिहावा आणि हवामानाचं नाव शेवटी. पर्याय दिलेले असतील तरच शहराचं नाव घालावं.