सुमतीबाई पाचव्या चित्रात तरुण का होतात?

समजा, दिवाळी अंकातल्या एका कथेसाठी सहा चित्रं हवी आहेत. नायिका सुमतीबाई, वय 62, निवृत्त पोस्टमास्तर. लांबट चेहरा, उंच कपाळ, मानेवर सैल अंबाडा, हनुवटीवर तीळ. चित्र करणाऱ्या एआय मॉडेलकडून पहिलं चित्र मनासारखं मिळालं, म्हणून तेच संदर्भ म्हणून देऊन पुढची मागवली. दुसऱ्यात गाल जरा भरले. तिसऱ्यात तीळ गेला. पाचव्यात बाई चाळिशीच्या दिसू लागल्या आणि सहाव्यात त्यांची धाकटी बहीण येऊन बसली.

आपण संदर्भचित्र दिलं म्हणजे मॉडेल ते समोर ठेवून नक्कल करत असेल, असं वाटतं. तसं होत नाही. स्टेबल डिफ्यूजन या मॉडेलसोबत बरेच जण आयपी-अडॅप्टर नावाची जोडणी वापरतात, तिचंच उदाहरण घेऊ. संदर्भचित्र आधी 224 × 224 पिक्सेलपर्यंत लहान केलं जातं. मग एक वेगळं मॉडेल ते पाहून त्याचा गोषवारा आकड्यांत काढतं आणि जोडणीच्या मूळ आवृत्तीत हा गोषवारा फक्त चार शब्दांएवढ्या जागेत बसवून चित्रकार मॉडेलला दिला जातो. गोषवारा काढणारं मॉडेल शिकलंय चित्रं आणि त्यांच्या ओळी जुळवायला. त्यामुळे ‘पिकल्या केसांची, नऊवारीतली वृद्ध स्त्री’ एवढं त्याला नेमकं कळतं. दोन डोळ्यांतलं अंतर, वरच्या ओठाची जाडी, कानाची पाळी यांचं त्याला फारसं सोयरसुतक नाही. आपण माणूस ओळखतो तो नेमका याच गोष्टींवरून. उरलेल्या जागा मॉडेल स्वतःच्या सवयीने भरतं आणि ती सवय त्याने पाहिलेल्या असंख्य छायाचित्रांची असते. त्यात तुकतुकीत, तरुण, सममित चेहरे जास्त, म्हणून घसरण बहुधा त्याच दिशेला होते. सुमतीबाई म्हाताऱ्या होत गेल्या असं क्वचित घडतं.

चेहरा चित्रात केवढा आहे, यावरही बरंच ठरतं. स्टेबल डिफ्यूजनची 1.5 ही आवृत्ती 512 × 512 पिक्सेलचं चित्र काढते, पण काम मात्र 64 × 64 खणांच्या आतल्या जाळीवर करते, म्हणजे एका खणात 8 × 8 पिक्सेल. चेहऱ्याने चित्राची 320 पिक्सेल रुंदी-उंची व्यापली, तर त्याच्या वाट्याला 40 × 40, म्हणजे 1600 खण येतात. सुमतीबाई लांबवर पोस्टाच्या पायरीवर उभ्या असल्या आणि चेहरा 64 पिक्सेलचा झाला, तर उरतात 64 खण. एवढ्यात नाक-डोळे जेमतेम मावतात, तिळाला कुठली जागा? म्हणून दूरचं दृश्य काढल्यावर चेहऱ्याचा भाग कापून, मोठा करून तेवढाच पुन्हा काढून घेण्याची पद्धत पडली आहे.

सगळ्यात मोठा घात मात्र माणूसच करतो. दुसरं चित्र बरं आलं की तेच पुढच्यासाठी संदर्भ म्हणून देतो. ही झेरॉक्सची झेरॉक्स. प्रत्येक पायरीवरची छोटी चूक पुढच्या पायरीला मूळ सत्य म्हणून मिळते. शेजारशेजारची दोन चित्रं ठेवली तर फरक जाणवतच नाही. पहिलं आणि सहावं ठेवा, मग कळतं. म्हणून संदर्भ नेहमी पहिल्याच चित्राचा द्यावा आणि तुलनाही त्याच्याशीच करावी. अंबाडा, चष्मा, लुगडं नजर फसवतात. ते झाकून फक्त भुवया ते हनुवटी एवढाच पट्टा पाहिला की घसरण चटकन दिसते.

आता शब्दांकडे. वर्णनातला प्रत्येक शब्द आपल्यासोबत स्वतःचे चेहरे घेऊन येतो. प्रसंग लग्नाचा आहे म्हणून ‘लग्नमंडप’ लिहिलं की मॉडेलच्या डोळ्यांपुढे नवऱ्या मुली येतात आणि सुमतीबाईंची वीस वर्षं उतरतात. ‘सुंदर’ हे विशेषण तर चेहऱ्याचा शत्रूच म्हणायला हवं. उपाय असा, की वर्णनाचे दोन तुकडे करायचे. चेहऱ्याचा तुकडा सुरुवातीला, अक्षरशः तोच, स्वल्पविरामही न हलवता. प्रसंगाचा तुकडा मागे, आणि बदलायचा तो तेवढाच.

```
62 year old Marathi woman, long narrow face, high forehead, thin eyebrows, mole on chin, grey hair in low bun, sitting on post office steps
```

शेवटचे पाच शब्द बदलत राहतात, बाकीचे नाही. एकदा ‘thin’ आणि एकदा ‘delicate’ लिहिलं तर आपल्याला अर्थ एकच, मॉडेलला ती दोन वेगळी माणसं. ‘चष्मा नको’ असं वर्णनात लिहिणंही अंगाशी येतं, कारण नकार निसटतो आणि चष्मा उरतो; नको असलेल्या गोष्टींसाठी बहुतेक साधनांत वेगळी चौकट असते.

शब्दांचा खुंटा किती घट्ट असू शकतो, याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. क्रिस काश्तानोव्हा यांनी 2022 मध्ये मिडजर्नी वापरून ‘झारिया ऑफ द डॉन’ हे कॉमिक केलं. वर्णनात झेंडाया या अभिनेत्रीचं नाव होतं आणि नायिका तिच्यासारखीच दिसते. मॉडेलने तिचा चेहरा पुष्कळ वेळा पाहिलेला, त्यामुळे एक नाव दहा विशेषणांना भारी पडतं. फक्त मग तो चेहरा आपल्या पात्राचा राहत नाही, दुसऱ्या जिवंत माणसाचा होतो. सुमतीबाईंसाठी मी हा मार्ग घेणार नाही.

राहिलं सीड. डिफ्यूजन मॉडेल कोऱ्या कागदापासून नव्हे, तर यदृच्छ आकड्यांच्या गोंगाटापासून सुरुवात करतं आणि तो टप्प्याटप्प्याने साफ करत चित्रापर्यंत येतं. सीड म्हणजे तो गोंगाट ठरवणारा आकडा. तो न सांगितल्यास दर वेळी नवा घेतला जातो, म्हणून एकाच वर्णनाची दोन चित्रं वेगळी येतात. डोकं कुठे, मान किती कललेली, उजेड कुठून, हे पहिल्या काही टप्प्यांत ठरतं. बारकावे शेवटी भरले जातात. सीड तोच ठेवून ‘पायरीवर बसलेली’च्या जागी ‘पायरीवर पत्र वाचणारी’ केलं, तर ठेवण टिकते आणि चेहराही बराचसा टिकतो.

पण सीडमध्ये सुमतीबाई साठवलेल्या नसतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चित्र चौकोनी ऐवजी उभं केलं की गोंगाटाची जाळीच बदलते आणि जुना आकडा निरुपयोगी ठरतो. मॉडेलची आवृत्ती किंवा टप्प्यांची संख्या बदलली तरी फरक पडतो. समोरून पाहणाऱ्या चेहऱ्याचं सीड घेऊन बाजूने दिसणारा चेहरा मागितला, तर सीड एकीकडे ओढतं, शब्द दुसरीकडे, आणि मधल्या मध्ये जबडा वाकडा होतो. अशा वेळी सीड सोडून द्यावं, वर्णन आणि मूळ संदर्भ तेवढे ठेवावेत, आठ-दहा चित्रं काढून त्यातलं जवळचं निवडावं.

सहा चित्रांना एवढं पुरतं. साठ पानांची चित्रकथा असेल, किंवा सुमतीबाईंशेजारी त्यांची बहीणही चौकटीत हवी असेल, तर पुरत नाही. दोन चेहरे एकमेकांत मिसळू लागतात. मग मॉडेललाच ते पात्र शिकवावं लागतं. 2022 मधल्या ड्रीमबूथ या पद्धतीत त्यासाठी तीन ते पाच चित्रं पुरतात असं दाखवलं गेलं. ती चित्रं मूळ चेहऱ्याशी ताडून निवडावी लागतात, कारण गाल भरलेली दोन त्यांत शिरली, तर मॉडेल भरलेल्या गालांच्याच सुमतीबाई शिकतं.