फवारणीला कोणते हातमोजे घालाल?

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक ताई तळहात दाखवत म्हणाल्या, "मोजे घालून औषध कालवलं, तरी हात रात्रभर भगभगला बघा." मोजे पाहिले तर बाहेरून रबर आणि आतून मऊ सुती अस्तर. चूक तिथंच होती.

अस्तर : अस्तर घाम शोषतं, थंडीत ऊबही देतं. पण मनगटातून औषधाचा एक ओघळ आत गेला, की ते अस्तर ओल्या फडक्यासारखं हाताला चिकटून राहतं. धुतलं तरी पूर्ण निघत नाही. त्या ताईंनी तेच मोजे तीन फवारण्यांना वापरले होते. म्हणून फवारणीसाठी बिनअस्तराचेच मोजे घ्या.

कापड : लग्नात वाढपी घालतात किंवा २६ जानेवारीच्या संचलनात पोलीस घालतात, ते पांढरे सुती मोजे मान आणि टापटीप दाखवण्यासाठी असतात. दिसायला छान, पण पाणीसुद्धा अडवत नाहीत. गाडीवर उन्हासाठी घालतो ते कोपरापर्यंतचे मोजेही तसेच. औषधासाठी जाड नायट्राइलचे मोजे मागा. दवाखान्यातले पातळ मोजे पटकन फाटतात, ते एकदा वापरून टाकायचे असतात.

लांबी : मोजा मनगटाच्या वर, निम्म्या हातापर्यंत यायला हवा. आता बाही आत की बाहेर? खाली वाकून बुटक्या पिकावर फवारताना बाही मोज्याच्या वर घ्या, म्हणजे ओघळ मोज्यात न शिरता बाहेरून खाली पडतो. तूर डोक्याएवढी वाढली आणि हात वर करून फवारायचं असेल, तर उलट करा. मोजा बाहीच्या वर ओढा आणि त्याची कड बाहेर दुमडा. ओघळ त्या दुमडीत अडकतो.

तपासणी : घालण्याआधी मोज्यात पाणी भरा, तोंड पिळून धरा आणि हलकेच दाबा. एक थेंब जरी बाहेर आला, तरी तो मोजा बाद. मोजा फुगला, चिकट झाला किंवा कडक पडला, तरीही बाद. काम संपल्यावर मोजे हातात असतानाच साबणाने धुवा, मग काढा आणि नंतर हात धुवा. आधी काढले, तर बाहेरचं औषध बोटांना लागतं.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. मोजे फक्त हात वाचवतात, नाका-डोळ्यांतून जाणारं विष अडवत नाहीत. पण पंपात टाकण्याआधी कडक औषध हाताळताना धोका सगळ्यात जास्त, आणि हे काम बऱ्याच घरी आपल्याकडेच असतं. पुढच्या बैठकीला येताना घरातले मोजे घेऊन या, पाणी भरून सगळ्या मिळून तपासू.