कोथरूडमध्ये भाड्याचं घर: आधी रस्ता ठरवा

पुण्यात बदली झालेल्या कुटुंबाला ओळखीचा कुणी ना कुणी "कोथरूडमध्येच बघा" असं सांगतोच. पण कोथरूड मोठं आहे आणि तिथे राहणं सोपं जाईल की त्रासाचं, हे बरंचसं तुमचं घर कर्वे रस्त्याच्या बाजूला आहे की पौड रस्त्याच्या, यावर ठरतं. डेक्कनहून आलेली मेट्रो कर्वे रस्त्यावरून नळ स्टॉपपर्यंत येते आणि तिथून पौड रस्त्याला वळून आयडियल कॉलनी, आनंदनगर, वनाज अशी जाते. कोथरूड स्टँड, डहाणूकर कॉलनी, कर्वेनगर हा भाग मेट्रोपासून लांब राहतो. तिथून रोजची भिस्त पीएमपीच्या बसवर, रिक्षावर किंवा स्वतःच्या दुचाकीवर.

समजा, नाशिकहून चौघांचं कुटुंब येतंय. आईचं ऑफिस शिवाजीनगरला, वडिलांचं हिंजवडीला, मुलगी चौथीत आणि मुलगा अडीच वर्षांचा. आईसाठी आनंदनगर स्थानकाच्या चालण्याच्या अंतरातलं घर उत्तम, कारण सिव्हिल कोर्ट स्थानक गाडी न बदलता गाठता येतं. पुढे पिंपरी किंवा स्वारगेटला जायचं तर मार्गही तिथेच बदलतो. वडिलांना मात्र या मेट्रोचा उपयोग नाही. त्यांना चांदणी चौकातून महामार्गाने जावं लागेल, आणि संध्याकाळी परतताना एक तास धरूनच चालावं. दोघंही हिंजवडीला जात असतील, तर मी कोथरूड सुचवणार नाही. बाणेर-बालेवाडी बघावं.

या कुटुंबाला मी मयूर कॉलनी किंवा आयडियल कॉलनी सुचवेन. मयूर कॉलनीत बालशिक्षण मंदिर आणि पी. जोग यांसारख्या शाळा आहेत, त्यामुळे रिक्षाकाका आणि स्कूलव्हॅनचा खर्च वाचू शकतो. मात्र घराचं टोकन देण्याआधी शाळेत जाऊन चौथीत जागा आहे का, ते विचारा. मधल्या इयत्तेत जागा एखादं मूल गेलं तरच होते. जुन्या शाळेचा दाखला हातात यायला उशीर झाला, तरी आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांना तेवढ्या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही. शिक्षणहक्क कायद्यातच तशी तरतूद आहे. परराज्यातून येणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की महाराष्ट्रात कोणत्याही बोर्डाच्या शाळेत मराठी शिकावीच लागते.

लहान मुलाच्या लसीकरणासाठी महापालिकेचा सुतार दवाखाना कोथरूडमध्येच आहे, आणि राष्ट्रीय वेळापत्रकातल्या लशी पालिकेच्या दवाखान्यांत मोफत मिळतात. लसीकरणाचं जुनं कार्ड सामानाच्या खोक्यात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या आजाराला एरंडवण्यातलं दीनानाथ मंगेशकर रुग्णालय जवळ पडतं. भाजी आणि किराण्याची चिंता करू नका, जवळपास प्रत्येक कॉलनीच्या तोंडाशी दुकानं आहेत.

आता भाडं. टू बीएचकेला साधारण पंचवीस ते पस्तीस हजार लागतात. जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत त्याहून कमी, नव्या टॉवरमध्ये जास्त. एजंट बहुधा एक महिन्याचं भाडं घेतो. जुन्या इमारतीतलं स्वस्त घर बघताना सोसायटीच्या सेक्रेटरींना एक प्रश्न जरूर विचारा: रीडेव्हलपमेंटचा ठराव झालाय का? कोथरूडच्या जुन्या सोसायट्या भराभर पाडून नव्या बांधल्या जातायत. मालक हे आपणहून सांगेलच असं नाही, आणि मग ऐन शाळेच्या वर्षात घर सोडावं लागतं. पार्किंगमध्ये सूचनाफलक असतो. त्यावर विकासकाच्या नावाची किंवा विशेष सभेची नोटीस दिसली, तर ओळखा. उन्हाळ्यात टँकर किती येतात आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा, हेही तिथेच विचारून घ्या.

करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो. नोटरी करून भागत नाही. हिशेब सोपा आहे. भाडं २८ हजार आणि परत मिळणारं डिपॉझिट एक लाख असेल, तर अकरा महिन्यांचं भाडं ३ लाख ८ हजार होतं. त्यात डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं, म्हणजे आणखी सुमारे ९ हजार. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे आठशेच्या आसपास, आणि शहरात हजार रुपये नोंदणी फी. घरी येऊन बोटांचे ठसे घेणारा एजंट स्वतःची फी वेगळी लावतो, पण सरकारी रक्कम साधारण याच घरात असते. कुणी तिच्या नावाखाली पाच-सहा हजार मागितले, तर पावत्या मागा.

नोंदवलेल्या कराराची प्रत मिळाली की भाडेकरूची पोलीस पडताळणी झाली का, हे मालकाला विचारा आणि कराराच्या दोन-तीन प्रती काढून ठेवा. शाळा, गॅस, बँक, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून आधी तीच मागतात.